वहीचा फोटो आला, पण शंका कुठल्या पायरीला ते लिहिलंच नाही

रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराला व्हॉट्सॲपवर फोटो येतो. वहीचं एक पान. वर आकृती, खाली पक्ष, साध्य, सिद्धता. सोबत मजकूर एवढाच, "सर बघा". कधी तोही नसतो. मी लातुरात नववी-दहावीच्या लेकरांना भूमिती शिकवतो आणि असे फोटो आठवड्याला आठ-दहा तरी येतात. तेव्हा इतर शिकवणाऱ्यांना आणि घरी लेकरांच्या वह्या बघणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून ही पद्धत लिहून ठेवतो. ती माझ्या हातून चुकत चुकत बसलेली आहे.

पहिल्यांदा कोणालाही सुचतं ते म्हणजे उलट विचारणं, "कुठं अडलं?" याची उत्तरं मला पाठ झाली आहेत. "सगळंच", "शेवटी", "बरोबर हाय का तेवढं सांगा". बऱ्याचदा उत्तर येतच नाही, कारण फोटो लेकरानं पाठवलेलाच नसतो. औसा, निलंगा, रेणापूर या बाजूच्या गावांत फोन वडिलांचा असतो. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत तो फोन रास होईपर्यंत शेतातच असतो. वडील रात्री घरी आले की लेकरू वही पुढं करतं, वडील फोटो काढतात आणि पाठवून देतात. आपण प्रश्न विचारतो तोवर लेकरू झोपलेलं असतं. म्हणजे जी काही शंका असेल ती त्या पानावरच शोधावी लागते.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. अशा पानावर दोन वेगळ्या ओळी शोधायच्या असतात. एक, जिथं सिद्धता तुटते ती. दुसरी, जिथं लिहिणारा अडखळला ती. दोन्ही एकच असतील असं आपण धरून चालतो आणि तिथंच फसतो. कधी लेकराला खटकलेली ओळ अगदी बरोबर असते, आणि ज्या ओळीवर त्याला काडीची शंका नाही तीच चुकलेली असते. नुसती चूक दाखवली तर त्याची शंका तशीच राहते. नुसती शंका फेडली तर चूक वहीत राहते.

आधी फोटो, मग भूमिती

नववी-दहावीची लेकरं सिद्धता लिहिताना डावीकडं विधान आणि उजवीकडं कंसात कारण लिहितात. फोटो उभा काढला की पानाची उजवी कड कापली जाते, आणि कापलं जातं ते नेमकं कारण. मग आपण "कारण लिहिलं नाही" असा शेरा मारतो, आणि लेकरू वहीकडं बघून गोंधळतं, कारण तिथं ते लिहिलेलं असतं. म्हणून मी आधी बघतो की कंस पूर्ण होतात का. उघडलेला कंस दिसतो आणि बंद झालेला दिसत नसेल तर पान कापलेलं आहे. असा फोटो तपासायचा नाही, पुन्हा मागवायचा.

काही जण कागद स्कॅन करणाऱ्या ॲपमधून पान काळं-पांढरं करून पाठवतात. अक्षर खुलतं, पण पेन्सिलीच्या फिकट रेघा उडून जातात. बाजू समान असल्याची चिमुकली खूण, कोनातला छोटा कंस, खोडरबरानं पुसलेलं काही, सगळं पांढरं होतं. मला तर खाडाखोडच सगळ्यात जास्त हवी असते. त्यामुळं मी सांगून ठेवलंय, साधा फोटो काढा, रंग बदलू नका, आणि जमलं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे मोठा करून बघताना अक्षर फाटत नाही.

फोटो नीट असला की मी तो एका कागदावर उतरवतो. हे वेळखाऊ वाटतं, पण पाच-सहा ओळींना दोन मिनिटं लागतात. उतरवताना ओळींना माझे क्रमांक देतो, आणि आकृती मात्र वहीवरून घेत नाही. पक्षातलं वाक्य वाचून स्वतः काढतो. लेकरांच्या आकृतीत जास्तीची माहिती शिरलेली असते. मध्यगा काढायला सांगितली तर ती शिरोलंबासारखी उभी काढतात, आणि मग पुढं कुठंतरी ९०° आपोआप येतात. फोटोतली आकृती बघून वाचलं की आपणही त्याच भुरळीत सापडतो.

ज्या पानानं मला शिकवलं ते पान

नववीतल्या एका मुलीनं पाठवलेलं पान होतं. उदाहरण असं: त्रिकोणाची मध्यगा जर त्याच शिरोबिंदूच्या कोनाची दुभाजकही असेल, तर तो त्रिकोण समद्विभुज असतो हे सिद्ध करा. तिनं लिहिलेलं जसंच्या तसं देतो, क्रमांक फक्त माझे:

```
पक्ष : ∆ABC मध्ये रेख AD मध्यगा. ∠BAD ≅ ∠CAD
साध्य : बाजू AB ≅ बाजू AC
सिद्धता : ∆ABD व ∆ACD मध्ये
१. रेख BD ≅ रेख CD        (AD मध्यगा)
२. ∠BAD ≅ ∠CAD           (पक्ष)
३. रेख AD ≅ रेख AD
४. ∴ ∆ABD ≅ ∆ACD         (बाकोबा कसोटी)
५. ∴ बाजू AB ≅ बाजू AC     (एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)
```

अक्षर सुरेख, ओळी सरळ. मी वरून खाली वाचलं, तिसऱ्या ओळीला कारण नाही हे दिसलं, आणि लिहून टाकलं, "तिसरीला 'सामाईक बाजू' असं कारण लिही, बाकी छान." तिनं "हो सर" पाठवलं. दोन दिवसांनी वर्गात छोटी चाचणी घेतली. तिनं तेच उदाहरण तसंच सोडवलं, 'सामाईक बाजू' आठवणीनं लिहिलं, आणि चौथी ओळ तशीच. मी पेपर तपासताना लाल पेन चौथ्या ओळीवर ठेवला आणि मग मलाच आठवलं की याला "छान" मीच म्हटलो होतो.

चौथी ओळ चूक आहे. बाकोबा कसोटीत कोन दोन बाजूंच्या मधला लागतो. इथं हाताशी असलेल्या बाजू BD आणि AD. त्या मिळतात D पाशी, म्हणजे मधला कोन ∠ADB. पक्षात दिलेला कोन मात्र A पाशी आहे. म्हणजे ही कसोटी 'बाबाको' झाली, आणि अशी कसोटीच नाही.

मग माझ्यासकट इतक्यांच्या डोळ्यांना हे का दिसत नाही? तिच्या ओळींचा क्रम बघा. आधी बाजू, मग कोन, मग बाजू. कागदावर कोन दोन बाजूंच्या मधे आला आहे, आकृतीत नाही. ओळींचा क्रम आपल्याला हवा तसा लावता येतो. आकृतीतला क्रम लावता येत नाही. कसोटीचं नाव वाचताना डोळा ओळींवरून उतरतो आणि "बा-को-बा" जुळलं की पुढं सरकतो. तेव्हापासून चौथ्यासारखी ओळ आली की मी लिहिलेल्या तीन ओळींकडं बघतच नाही. आकृतीत त्या दोन बाजू गिरवतो, त्या जिथं मिळतात तिथं पेन टेकवतो, आणि कोन तिथं आहे का एवढंच बघतो.

चाचणीनंतर मी जुना फोटो पुन्हा उघडला आणि बोटांनी मोठा केला. चौथ्या ओळीच्या कंसात 'बाकोबा'च्या खाली काहीतरी दाबून खोडलेलं होतं. नीट बघितलं तर 'बाबाको'. पोरीनं आधी बरोबर ओळखलं होतं. आकृतीप्रमाणं लिहायला गेली तर 'बाबाको' येत होतं, अशी कसोटी यादीत नाही हेही तिला माहीत होतं, म्हणून तिनं तिसरं अक्षर मधे आणलं. तिची शंका त्या खाडाखोडीत बसलेली होती आणि मी तिला सामाईक बाजूचं कारण शिकवत होतो.

म्हणून आता वाचायचा क्रम बदललाय. पहिलं वाचन फक्त शाईचं. कुठं खोडलंय, कुठं अक्षर एकदम लहान झालंय, कुठं ओळीच्या मधे शब्द घुसवलाय, कुठल्या कारणाची शाई वेगळी आहे. अडखळलेली ओळ बहुतेक वेळा तिथंच सापडते. दुसरं वाचन खालून वर. शेवटची ओळ घ्यायची आणि विचारायचं, ही यायला वर काय लागतं? पाचवीला चौथी लागते, ठीक. चौथीला तीन गोष्टी लागतात, आणि त्यातली एक म्हणजे D पाशी असलेला कोन. तो वर कुठंच नाही. वरून खाली वाचताना लिहिणाऱ्याची चाल आपल्याला ओढून नेते, खालून वर येताना तसं होत नाही.

आकृती मोजून चूक सापडत नाही

या उदाहरणात एक खोच आहे, आणि ती न कळल्यामुळं पुष्कळ घरी मोठी भावंडं "बरोबरच आहे" असं सांगून मोकळी होतात. सिद्धता चुकीची असली तरी साध्य खरं आहे. त्यामुळं पक्ष पाळून कशीही आकृती काढा, AB आणि AC मोजल्यावर सारख्याच भरणार. मोजपट्टी इथं साक्ष देत नाही. मीही आधी विषमभुज त्रिकोण काढून दाखवू म्हणालो, आणि काढताच आला नाही. येणार कसा?

अशा वेळी पक्षातली एक एक अट तपासून बघावी लागते. तिनं मध्यगा वापरली, पहिल्या ओळीत. दुभाजक वापरला, दुसऱ्या ओळीत. पण पक्षात अजून एक गोष्ट आहे, जी ओळ म्हणून कुणी लिहीत नाही: B, D आणि C एका रेषेत आहेत. तिच्या पाचही ओळींत ही गोष्ट कुठंच वापरलेली नाही. याचा अर्थ तिची सिद्धता खरी असेल, तर D पाशी रेघ मोडली तरी AB आणि AC सारख्या यायला पाहिजेत. ते तपासता येतं, कंपासपेटीनं.

रेख AD ७ सेमी काढा. A पाशी तिच्या दोन्ही बाजूंना ३०° चा एक एक किरण काढा. आता D केंद्र धरून ५ सेमी त्रिज्येचा कंस फिरवा. तो डाव्या किरणाला दोन ठिकाणी छेदतो, एकदा A पासून सुमारे २.५ सेमीवर आणि एकदा सुमारे ९.६ सेमीवर. उजव्या किरणालाही तसाच. डावीकडं जवळचा बिंदू घ्या, त्याला B म्हणा. उजवीकडं लांबचा घ्या, त्याला C म्हणा. बघा, BD आणि CD दोन्ही ५ सेमी, A पाशी दोन्हीकडं ३०°, AD सामाईक. तिच्या पहिल्या तिन्ही ओळी इथं तंतोतंत खऱ्या आहेत. तरी AB अडीच सेमी आणि AC साडेनऊच्या वर. चौथी ओळ इथं उघडी पडते.

त्रिज्या कितीही घेऊन चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. D पासून त्या किरणाचं लंबांतर ३.५ सेमी आहे, कारण ३०° समोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते. त्रिज्या ३.५ पेक्षा मोठी आणि ७ पेक्षा लहान असेल तरच कंस किरणाला दोनदा छेदतो. एका मुलानं ८ सेमी घेतली, कंसानं किरण एकदाच छेदला, दोन्ही त्रिकोण एकरूप आले आणि तो म्हणाला, "सर, बाबाको चालतंय की." त्याच्या मापांना चालतं, खरं आहे. कसोटी म्हणून नाव द्यायचं तर ते सगळ्या मापांना चालावं लागतं. बरोबर ३.५ घेतली तर B पाशी काटकोन होतो आणि तिथंही एकच त्रिकोण बनतो. वहीतल्या कर्ण-भुजा कसोटीतही दिलेला कोन दोन बाजूंच्या मधला नसतो, पण तो काटकोन असल्यामुळं एकच त्रिकोण बनतो, म्हणून ती यादीत आहे.

आता ५ सेमी त्रिज्येच्या त्याच आकृतीत D पाशी कोनमापक लावा. ∠ADB साधारण १४°, ∠ADC साधारण १०६°, दोन्ही मिळून १२०°. B-D-C सरळ रेष असती तर १८०° आले असते. म्हणजे त्रिकोण वेगळे निघतात तेव्हा D पाशी रेघ मोडलेली असते, आणि रेघ सरळ ठेवली की ते एकरूप होण्यावाचून राहत नाहीत. साध्य खरं का आहे याचं सगळं कारण त्या न वापरलेल्या गोष्टीत आहे.

उत्तर काय पाठवायचं

चाचणीनंतर मी तिला पुन्हा मेसेज केला. तो इथं देतो, कारण असा मेसेज किती लांब असावा यावर माझे पूर्वी फार घोळ झाले आहेत. अख्खी सिद्धता लिहून पाठवली की लेकरं ती उतरवून घेतात आणि विषय संपतो.

"पहिल्या तीन ओळी बरोबर आहेत. चौथीत तू आधी बाबाको लिहून खोडलंस, ते मी आधी बघितलं नव्हतं. आकृतीत BD आणि AD पेनानं गिरव. दोन्ही जिथं मिळतात तिथं बोट ठेव. तुझा कोन तिथं आहे का?"

बरोबर काय ते आधी आणि ओळीच्या क्रमांकासकट लिहायचं, म्हणजे तिनं सगळंच खोडून टाकायला नको. मग एकच ओळ, आणि त्या ओळीवर हातानं करण्यासारखं एकच काम. "मधला कोन बघ" असं लिहिलं असतं तर तिनं "हो सर" म्हटलं असतं. बोट ठेवायला सांगितलं की "हो सर" म्हणता येत नाही, काहीतरी सांगावंच लागतं.

तिचं उत्तर आलं, "कोन A जवळ हाय सर. मग बाकोबा नाही. पण AB आणि AC सारखेच येतेत ना, मी मोजले." ही खरी शंका. पानावर ती 'बाबाको' या खोडलेल्या शब्दाएवढीच दिसत होती, पण तिच्या मनात प्रश्न असा होता की उत्तर बरोबर येत असताना कसोटी बसत का नाही. यावर मी तिला कंपासची वरची आकृती करायला सांगितली, आणि म्हटलं, "B-D-C एका रेषेत आहेत हे वापरणारी एक तरी ओळ आण."

दुसरा फोटो, पुन्हा मजकुराशिवाय

दोन दिवसांनी नवीन पान आलं. सोबत काही नाही, आपली रीत तशीच. पण यावेळी तिनं रचना केली होती. AD ला D च्या पुढं E पर्यंत वाढवलं, CE जोडली. रचनेत लिहिलं होतं: "रेख AD ≅ रेख DE आणि रेख CE ∥ बाजू AB अशी काढली." पुढं ∆ABD आणि ∆ECD मध्ये, BD ≅ CD, ∠BAD ≅ ∠CED (व्युत्क्रम कोन), ∠ADB ≅ ∠EDC (विरुद्ध कोन), म्हणून कोकोबा कसोटीनं एकरूप. म्हणून AB ≅ EC. आणि ∠CAD हा ∠BAD एवढा, म्हणून ∠CED एवढा, म्हणजे ∆ACE मध्ये AC ≅ EC. म्हणून AB ≅ AC.

शाई बघितली. 'आणि' हा शब्द ओळीच्या वर, नंतर घुसवलेला. अडखळ तिथं. खालून वर वाचलं तर शेवटपासून रचनेपर्यंत प्रत्येक ओळीला आधार मिळाला, आणि 'विरुद्ध कोन' ही ओळ B-D-C एका रेषेत असल्याशिवाय लिहिताच येत नाही, म्हणजे हवी ती गोष्ट वापरली गेली. चूक फक्त रचनेत आहे. रचनेत आपण एक अट घालू शकतो. दुसरी आपोआप खरी ठरते, पण ती सिद्ध करावी लागते. दोन्ही एकदम मागितल्या तर असा E बिंदू मिळतो कशावरून, हे आधी सांगावं लागेल.

कुठली अट खोडायची हे कारणांवरूनच ठरतं. तिनं व्युत्क्रम कोन वापरले आहेत, म्हणजे समांतर रेषेची अट कामाला आली. AD ≅ DE ही अट खाली कुठंच वापरलेली नाही. ती खोडली की सिद्धता पूर्ण. उलट एखाद्या लेकरानं AD ≅ DE ठेवून बाकोबानं एकरूपता दाखवली असती (AD ≅ ED, मधे विरुद्ध कोन, BD ≅ CD), तर समांतर खोडायला सांगितलं असतं. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. पुस्तकात ज्यातला एक असेल तोच बरोबर, असा धोशा लावू नये.

मेसेज छोटा होता, "रचनेतली 'आणि'च्या अलीकडची अट सिद्धतेत कुठल्या ओळीला वापरली ते शोध. नाही सापडली तर खोड." खोडलेला फोटो त्याच रात्री आला.

एवढा खटाटोप नववीला लागतो. दहावीच्या पोरानं हेच उदाहरण पाठवलं तर मी एकाच ओळीची वाट बघतो. समरूपतेच्या प्रकरणात कोनदुभाजकाचं प्रमेय झालेलं असतं, त्यानुसार AB/AC = BD/DC, आणि BD = DC म्हणून AB = AC. त्यामुळं तपासायच्या आधी पान कुणाचं, कुठल्या इयत्तेचं हे बघून घ्यावं. नववीच्या वहीत हे प्रमेय कारण म्हणून आलं तर ते कुठून आलं ते विचारावं. बहुधा ते मोठ्या भावाकडून आलेलं असतं, आणि भावानं लिहिलेली ओळ लेकराला समजलेली नसते.

पानावर काहीच सापडलं नाही तर

कधी कधी पान स्वच्छ असतं. खाडाखोड नाही, शाई एकसारखी, आणि खालून वर सगळं जुळतं. बऱ्याचदा हे पान दुसऱ्याच्या वहीवरून उतरवलेलं असतं. तिथं शंका शोधत बसू नये, कारण ज्यानं ती सिद्धता घडवली त्याची खाडाखोड दुसऱ्याच वहीत आहे. मी तेव्हा आकृतीतली अक्षरं बदलून, त्रिकोण आडवा करून, तेच उदाहरण PQR मध्ये, D च्या जागी S घेऊन, पाठवतो आणि फक्त रचना आणि पहिल्या दोन ओळी मागतो. उतरवलेलं असेल तर S च्या जागी D येतोच.

आणि पान खरंच त्याचं असेल, तरी शंका कळत नसेल, तर "कुठं अडलं" ऐवजी मी एक वेगळा प्रश्न विचारतो, "कुठल्या ओळीचं कारण तू सगळ्यात शेवटी लिहिलंस?" याला उत्तर देणं सोपं जातं. अडलोय हे कबूल करायला लाज वाटते, शेवटी काय लिहिलं हे सांगायला वाटत नाही. लेकरं विधानं भराभर लिहितात आणि ज्या कारणाची खात्री नाही ते मोकळं सोडून पुढं जातात, मग शेवटी येऊन काहीतरी भरतात. ते "काहीतरी" म्हणजेच आपल्याला हवी असलेली ओळ.

आता वर्गात सांगूनच ठेवलंय की फोटो पाठवायच्या आधी त्या ओळीच्या डाव्या बाजूला पेन्सिलीनं एक टिंब द्या. मजकूर लिहू नका, फोन कुणाचा का असेना, टिंब पानासोबत येतं. निम्मी लेकरं देतात. निलंग्याकडचा एक पठ्ठ्या मात्र दर वेळी पक्षापासून साध्यापर्यंत प्रत्येक ओळीला टिंब देऊन पाठवतो. त्याला मी अजून सकाळी फोनच करतो, वडील शेतात निघायच्या आत.